हरवलेल्या नगराची दोन ओळींतली गोष्ट

साहसाच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एखाद्या पडक्या वाड्यात शिरतो, कोनाड्यातली अंगठी उचलतो आणि पडद्यावर दोन-तीन ओळी उमटतात. अंगठी कुणाची, कशाची, कशासाठी घडवलेली. बरेच जण त्या न वाचताच पुढे पळतात. जे थांबून वाचतात त्यांच्या मनात मात्र हळूहळू एक नगर उभं राहायला लागतं. तिथे कोण राहत होतं, कशावरून भांडत होतं, शेवटी ते सगळे गेले कुठे? वस्तूचं वर्णन जेमतेम तीस-चाळीस शब्दांचं. वाटेत सापडणारी वही, पत्र किंवा शिलालेख याहून थोडा मोठा. एवढ्या जागेत एक संस्कृती सांगणं शक्यच नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला ती सुचवावी लागते.

या प्रकारच्या लेखनाचं नाव निघालं की जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा २०११ सालचा ‘डार्क सोल्स’ हा गेम आठवतोच. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितलं आहे, की लहानपणी ते आपल्या वयाला न झेपणारी परदेशी पुस्तकं वाचत आणि जो मजकूर कळत नसे तिथे स्वतःची कल्पना लढवत. त्यांच्या गेममध्येही गोष्ट सलग सांगायला कुणी येत नाही. ती अंगठ्या, तलवारी, चिलखतं यांच्या वर्णनांत विखुरलेली असते. त्यात आर्टोरियस नावाच्या सरदाराचा उल्लेख वारंवार येतो. पाताळातल्या अंधारावर मात करणारा वीर, अशी त्याची कीर्ती. पुढे २०१२ मध्ये आलेल्या जोडभागात खेळाडू भूतकाळात जातो तेव्हा दिसतं, की त्या अंधारानेच आर्टोरियसला गिळलं होतं. त्याच्या नावावर जमा झालेला पराक्रम खरं तर दुसऱ्याच कुणाचा होता.

म्हणजे वर्णनं खोटी होती का? तसंही नाही. लोक जे बोलत होते ते त्यांत नोंदलेलं होतं. या कामातली पहिली गोष्ट इथेच कळते. वर्णन कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि त्या कुणाला सगळं ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट ‘आउटर वाइल्ड्स’ या २०१९ च्या गेममध्ये दिसते. तिथे नोमाई नावाची एक प्रगत जमात फार पूर्वी नाहीशी झाली आहे आणि ग्रहाग्रहांवरच्या भिंतींवर त्यांचं लेखन उरलं आहे. हे लेखन म्हणजे त्यांचे आपापसांतले संवाद. एकाने काही लिहायचं आणि दुसऱ्याने त्याला फाटा फोडून उत्तर द्यायचं. त्यात प्रयोगांवरचे वाद आहेत, शंका आहेत, थट्टाही आहे. ते नाहीसे का झाले हे ज्यांना खेळायचं आहे त्यांच्यासाठी इथे सांगत नाही. पण लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच आपला शेवट जवळ आल्याचं ठाऊक नाही, आणि म्हणूनच तो मजकूर वाचताना पोटात कालवतं. हरवलेल्या संस्कृतीतल्या माणसांना आपण ‘हरवलेली संस्कृती’ आहोत हे माहीत नसतं. त्यांना उद्याच्या कामाची काळजी असते.

आता एक उदाहरण मुळापासून रचून पाहू. समजा आपल्या गेममध्ये डोंगरउतारावर एक ओस नगर आहे. पहिलं काम म्हणजे खेळाडूला कधीही न दाखवायच्या कागदावर खरं उत्तर लिहून ठेवणं. ते असं: नगरात वरचा वाडा आणि खालची आळी असे दोन भाग. दोघांना पाणी एकाच पाटाचं. पाळी मोजायला घटिकापात्र, म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडली की भरत भरत बुडते, आणि बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं. वाडेकऱ्यांनी आपल्या पात्राचं छिद्र मेणाने बारीक केलं, त्यामुळे ते उशिरा बुडू लागलं. खालच्या आळीच्या पात्राचं छिद्र त्यांनी गुपचूप कानशीने मोठं केलं, त्यामुळे ते लवकर बुडू लागलं. दोघांना घटिका सारख्याच, पाणी मात्र सारखं नाही. खालची शेतं वाळली, माणसं गाव सोडून गेली. मग पाटातला गाळ काढायला कुणी उरलं नाही. पाट बुजला आणि वाडाही ओस पडला.

नवशिका लेखक या वस्तूचं वर्णन साधारण असं लिहितो:

“लुप्त झालेल्या महान संस्कृतीचं रहस्यमय घटिकापात्र. याच पात्राच्या साहाय्याने वाड्यातल्या लोभी सरदारांनी खालच्या आळीचं पाणी चोरलं. त्यातूनच नगराचा विनाश झाला.”

इथे खेळाडूला करायला काही उरलंच नाही. शिवाय हे बोलतंय कोण? ‘लुप्त’, ‘महान’, ‘रहस्यमय’ हे सगळे आजच्या माणसाचे शब्द. आता तीच माहिती दोन वस्तूंत वाटून पाहा. खालच्या आळीतल्या पडक्या घरात सापडतं:

“घटिकापात्र. तांब्याचं. काठावर आळीची खूण. छिद्राची कड कानशीने घासलेली.”

आणि बऱ्याच वेळाने, वाड्याच्या मोजणीघरात:

“घटिकापात्र. तांब्याचं. काठावर वाड्याची खूण. छिद्रात मेण दाटून बसलं आहे.”

दोन्हींत आरोप नाही. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच आहे. वाक्यांची ठेवण मुद्दाम सारखी ठेवली आहे, कारण ठेवण सारखी असली की फरक नजरेत भरतो. दुसरं पात्र हातात आल्यावर पहिलं आठवतं, आणि निष्कर्ष खेळाडू स्वतः काढतो. मग तो त्याचा होतो.

तिसरा पुरावा नोंदीचा. पाटकऱ्याची वही:

“आज आळीला बारा घटिका, वाड्याला बारा घटिका. मोजणीला मी स्वतः उभा होतो. आळीतला म्हातारा म्हणतो, पूर्वी बारा घटिका झाल्या की सावली पायरीला टेकायची, आता ती टेकायच्या आधीच पाट बंद होतो. म्हाताऱ्यांचा सावलीवर फार विश्वास.”

पाटकरी लबाड नाही. त्याने आपलं काम चोख केलं आहे आणि तरीही खरं काय ते त्याला दिसलेलं नाही. त्याच्या शेवटच्या वाक्यातली किंचित चेष्टा खेळाडूला खटकते, कारण म्हातारा बरोबर होता हे खेळाडूला कळू शकतं.

चौथ्या पुराव्यासाठी आपल्याकडचे खरे शिलालेख कामी येतात. कोकणात शिलाहारांच्या काळापासूनचे गधेगळ सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढवाचं चित्र. दान मोडेल त्याला दिलेली ती शिवी. त्या दगडावर कुणी ‘आमची संस्कृती थोर’ असं कोरत नाही. कुणी काय दिलं आणि ते मोडलं तर काय, एवढंच त्यावर असतं. पण शापाची गरज पडली म्हणजे दान मोडलं जाण्याची भीती होती, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. लेखकाने ही युक्ती उचलावी. आपल्या नगरात पाटाच्या तोंडाशी एक दगड उभा करावा आणि त्यावर एवढंच कोरावं: “मोजणीघरात मेण आणू नये.” मनाई दिसली की तो प्रकार तिथे होत होता, हे सांगावं लागत नाही. पाचवी वस्तू वाड्याच्या कोठारात: “फावडं. दांड्यावर वाड्याची खूण. पातं कोरं.” पाटात गाळ भरलेला खेळाडूने पाहिलेला असतोच.

एवढे पुरावे कशाला? कारण खेळाडू कोणत्या वाटेने येईल आणि काय वगळेल, हे लेखकाच्या हातात नसतं. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांबद्दल लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा एक नियम गेम लेखकांनाही उपयोगी पडतो: जो निष्कर्ष निघायलाच हवा, त्याच्यासाठी किमान तीन वेगवेगळे पुरावे ठेवा. एक चुकेल, दुसऱ्याचा अर्थ उलटा लावला जाईल, तिसरा लागू पडेल. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये तर यानात नोंदवहीच दिली आहे. सापडलेली माहिती तिथे आपोआप जमा होते आणि कशाचा कशाशी संबंध हे रेघांनी दिसतं. त्यामुळे आठवड्याने परत खेळायला बसलेल्या माणसाचाही धागा सुटत नाही.

तरीही हा डाव फसू शकतो. आपल्या उदाहरणातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे घटिकापात्र कसं चालतं हे खेळाडूला माहीतच नसणं. मग घासलेली कड आणि मेण या नुसत्या जुनेपणाच्या खुणा ठरतात. शब्द वाढवून हा दोष जात नाही. त्यासाठी आधीच्या एखाद्या कोड्यात खेळाडूला स्वतः वाटी पाण्यावर सोडायला लावावी. ती बुडाली की दार उघडतं, असं त्याच्या हातून घडलं की यंत्र समजतं. वर्णनाचं काम त्यानंतर सुरू होतं. दुसरा धोका नावांच्या गर्दीचा. चाळीस शब्दांत तीन राजे, दोन युगं आणि एक देवता कोंबली तर वाचणारा ‘पुढे’चं बटण दाबतो. तिसरा धोका लेखकाकडे उत्तरच नसण्याचा. कोड्यावर कोडं रचत गेलं तर काही काळ भुरळ पडते, पण नोंदी एकमेकींना छेद द्यायला लागल्या की खेळाडू अंदाज बांधणंच सोडून देतो.

चूक ओळखण्याची रीत सोपी आहे. गेम न पाहिलेल्या चार-पाच जणांना या वस्तू वेगवेगळ्या क्रमाने वाचायला द्याव्यात आणि प्रत्येक वस्तूनंतर एकच प्रश्न विचारावा: इथे काय झालं असेल? पहिल्याच वस्तूला सगळ्यांचं उत्तर एक आलं तर मजकूर फार बोलतो आहे. पाचही वाचून कुणाला पात्रांचा संशय आला नाही तर तो फार गप्प आहे. पहिल्याला एक तर्क, तिसऱ्याला तो बदलला आणि पाचव्याला पक्का झाला, असं घडलं तर काम जमलं.

ज्यांना हे लिहून पाहायचं आहे त्यांनी एक करावं. वर्णन पूर्ण झालं की त्याचं शेवटचं वाक्य झाकून वाचावं. लिहिताना धीर सुटतो आणि लेखक अर्थ सांगून मोकळा होतो, तो बहुधा याच वाक्यात. झाकल्यावर वर्णन तसंच उभं राहत असेल, तर ते वाक्य खोडून टाका.