नक्षी एकालाच

माझ्या मावसबहिणीच्या कोथरूडच्या हॉलमधल्या तिन्ही वस्तू एकेकट्या पाहिल्या तर छान होत्या. सोफा साधा, राखाडी कापडाचा. गालिचा भदोहीचा, सासूबाईंकडून आलेला, पाच बाय आठ फुटांचा. त्याची जमीन मरून, किनार गडद निळी आणि मधे मोतिया रंगाची दाट वेलबुट्टी. खिडकीला नवे कोरे पडदे, पांढऱ्या कापडावर वीतभर लांबीची निळी आणि मरून पानं. गालिच्यातले दोन्ही रंग पडद्यात आहेत म्हणून तिनं मुद्दाम हे कापड निवडलं होतं.

‘रंग सगळे जुळवलेत गं ताई, मग दहा मिनिटं बसलं की डोकं का भणभणतं?’

रंग जुळले होते, पण नक्ष्या भांडत होत्या. मी तिला दारात उभं केलं आणि डोळे अर्धवट मिटून बघायला सांगितलं. असं पाहिलं की बारकावे पुसट होतात आणि खोलीतला खरा गोंगाट कुठे आहे ते कळतं. मग मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा केला. रंग गेल्यावर सोफा आणि भिंत शांत दिसत होती, गालिचा बराचसा एकसंध करडा झाला होता, पण पडद्यावरची गडद पानं पांढऱ्या कापडावर ठिपक्यांसारखी उठून आली होती. मरून आणि निळा नुसता जुळून भागत नाही, उजेड-अंधाराचा फरक किती आहे तेही बघावं लागतं. पांढऱ्यावर गडद पान म्हणजे सगळ्यात मोठा फरक, त्यामुळे डोळा पुन्हा पुन्हा तिकडेच वळतो.

दुकानात मात्र तेच कापड सुरेख दिसलं होतं, कारण दुकानदार कापड टेबलावर सपाट पसरून दाखवतो. घरी पडदा कधीच सपाट नसतो. चांगली चुणी पडायची तर खिडकीच्या रुंदीच्या किमान दुप्पट कापड लागतं, म्हणजे निम्मं कापड चुण्यांच्या आत जातं. मोठ्या पानाचा अर्धा तुकडा बाहेर, अर्धा घडीत, पुढच्या चुणीवर नुसता देठ. सपाट पाहिलेली नक्षी खिडकीत लागल्यावर तुकड्यांची होते. गालिचा जमिनीवर पसरलेला असतो, त्याची नक्षी अख्खी दिसते. म्हणून तिघांपैकी एकालाच नक्षी द्यायची असेल तर ती गालिच्याला द्यावी असं माझं मत आहे. शिवाय सासूबाईंचा गालिचा बदलता येत नाही, पडदा बदलता येतो.

आता साध्या पडद्याला रंग कोणता? बहिणीचा पहिला कौल मरूनला होता. पडदा आणि इतर वस्तूंत एक मोठा फरक आहे, आणि तो बहुतेक जण विसरतात. सोफ्यावर आणि गालिच्यावर उजेड समोरून पडतो, पडद्यावर दिवसा तो मागून येतो. अस्तर नसलेल्या मरून पडद्यातून दुपारचं ऊन आलं की कापड लालभडक पेटल्यासारखं दिसतं आणि समोरच्या भिंतीवर गुलाबी झाक पडते. रात्री दिवा लावला की तोच पडदा काळपट. गडद निळ्याची अडचण वेगळी. दांडीपासून जमिनीपर्यंतचा पडदा ओढून घेतला की आठ फूट उंचीचा गडद चौकोन उभा राहतो, आणि दहा-अकरा फूट रुंदीच्या हॉलमध्ये तो अंगावर येतो.

उरला मोतिया, वेलबुट्टीतला सगळ्यात गप्प रंग. तोच घ्यायचं ठरलं, पण हुबेहूब नाही. लोकरीचा मोतिया, सुती कापडाचा मोतिया आणि भिंतीचा मोतिया रंग एकसारखे कधीच दिसत नाहीत. एकसारखे करायला गेलं की थोडा फरक उरतो आणि तो चुकल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा एक-दोन छटा सरळ पुढे जावं. आम्ही भिंतीपेक्षा थोडा गडद, कोऱ्या मांजरपाटाच्या जवळ जाणारा रंग धरला. कापडाचा पोत मात्र जाडसर, आडवा-उभा धागा दिसणारा घेतला. साधा पडदा सपक दिसेल ही भीती पोतामुळे जाते.

दुकानातून आधी फक्त अर्धा मीटर कापड आणलं. ते खिडकीतच टाचण्यांनी लावून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहिलं. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यात जे दोन रंग जुळतात ते घरच्या पिवळ्या दिव्यात फटकून राहू शकतात. गालिच्याचीही एक खोड आहे. त्याचे तंतू एका बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे धूपछाव साडीसारखा तो एका टोकाकडून उजळ आणि दुसऱ्याकडून गडद दिसतो. आपण जिथून रोज आत येतो त्या दाराकडून पाहून रंग ठरवावा. बहिणीनं गालिचा नुसता उलट फिरवला आणि हॉल उजळला, तोही फुकटात.

मापाचा हिशेब असा झाला. खिडकी सहा फूट, म्हणजे ७२ इंच. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे ८४. दुप्पट केले की १६८ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणजे साडेतीन पट्टे, घ्यायचे चार. दांडी जमिनीपासून ९६ इंचांवर, वरची-खालची दुमड १२ इंच, म्हणून एक पट्टा १०८ इंच. चार पट्ट्यांना ११ मीटरला थोडंसं कमी. आधीच्या पानांच्या कापडात तीच नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येत होती. शेजारचे पट्टे जुळायचे तर प्रत्येक पट्टा १२० इंचांचा कापावा लागतो, म्हणजे चार फूट कापड नुसतं जुळवण्यात जातं. ज्या शिंप्यानं पहिले पडदे शिवले त्यानं ते वाचवलं होतं, त्यामुळे जोडावर पानं तुटलेली दिसत. पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर थांबला की पुरे. तो वीतभर वर लटकला तर आखूड पायजम्यासारखा दिसतो, आणि खोलीत आणखी एक नको असलेली आडवी रेघ तयार होते.

सोफा राखाडीच राहिला. त्यावर मरून रंगाच्या दोन साध्या उश्या ठेवल्या, गालिच्यातला रंग एवढाच वर आणला. सोफ्याचे पुढचे दोन पाय गालिच्यावर घेतले, नाहीतर गालिचा मधेच तरंगत असल्यासारखा दिसत होता.

घरचा गालिचा साधा असेल, एकरंगी किंवा नुसत्या विणीचा, तर हा सगळा हिशेब उलटा करता येतो. मग पडद्याला नक्षी द्यायला हरकत नाही, पण चुणीत तुटली तरी कळणार नाही अशी बारीक बुट्टी किंवा उभे पट्टे घ्यावेत.

पानांचे पडदे फेकले नाहीत. आता ते बेडरूमच्या खिडकीला आहेत. तिथे गालिचा नाही आणि पलंगावर पांढरी चादर असते. तिथे ते चांगले दिसतात.