गजर वाजतो, गोळी राहते

सकाळी आठला मावशीच्या फोनवर गजर वाजला तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात उभी होते. कढईत पोह्यांची फोडणी तडतडत होती आणि तिचे हात कोथिंबिरीने भरलेले होते. ओट्यावरचा फोन तिने करंगळीने सरकवून गप्प केला आणि माझ्याशी चाललेलं बोलणं न तोडता पुढे बोलत राहिली. दोन मिनिटांनी मी विचारलं, "मावशी, मघाशी गजर कसला होता गं?"

ती थबकली. "गजर? वाजला का?"

तो गजर तिच्या रक्तदाबाच्या गोळीचा होता. सात आठवड्यांपूर्वी तिच्या मुलाने लावून दिलेला, रोज आठला वाजणारा. पडद्यावर एकच शब्द यायचा: 'औषध'. मावशीच्या मते एखादा दिवस सोडला तर गोळी नेमाने चालू होती. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. पण तिची एक जुनी पद्धत आमच्या कामी आली. गॅसचा सिलिंडर लावला की ती कॅलेंडरवर तारीख लिहिते, तशीच गोळ्यांचं नवं पाकीट सुरू केल्याचीही लिहिते. पंधरा गोळ्यांची चार पाकिटं आणली होती. पहिलं बरोबर १५ दिवसांत संपलं. दुसऱ्याला १८ दिवस लागले. तिसरं सुरू होऊन १६ दिवस झाले होते आणि त्यातल्या दहाच गोळ्या गेल्या होत्या. म्हणजे ४९ दिवसांत नऊ गोळ्या राहिल्या, आणि त्या सगळ्या पहिल्या पंधरवड्यानंतरच्या. गजर मात्र एकही दिवस चुकला नव्हता.

पाणी पिण्याचा असो, चालायला जाण्याचा असो की वहीत खर्च लिहिण्याचा, बहुतेक गजरांचं असंच होतं. पहिले काही दिवस आपण आवाजासरशी उठतो, मग तोच आवाज घरातल्या पंख्यासारखा होतो. यात आळस शोधण्यात अर्थ नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ येवगेनी सोकोलोव्ह यांनी याची मांडणी केली होती: मेंदू वारंवार येणाऱ्या आवाजाचा ठसा साठवतो, आणि नवा आवाज त्या ठशाशी तंतोतंत जुळला की त्याकडे लक्ष वळवणं थांबवतो. १९६६ मध्ये थॉम्पसन आणि स्पेन्सर या अमेरिकी संशोधकांनी या सरावाची लक्षणं एकत्र मांडली. त्यातली दोन आपल्या कामाची आहेत. मधे खंड पडला की प्रतिसाद परत येतो. पण असं पुन्हा पुन्हा केलं तर दर खेपेला तो आधीपेक्षा लवकर विरतो. गजर चार दिवस बंद ठेवून परत लावला की पुन्हा थोडे दिवस बरे जातात आणि मग गाडी मूळ पदावर येते, ती यामुळेच.

मावशीच्या बाबतीत कानाइतकाच अंगठ्याचाही भाग होता. गजर वाजतो, बोट सरकतं, शांतता होते. त्या शांततेचं सुख लगेच मिळतं. गोळी घेतल्याने मात्र त्या क्षणी काहीच जाणवत नाही, कारण वाढलेला रक्तदाब सहसा जाणवतच नाही. अशा वेळी सवय लागते ती गजर बंद करण्याची. सात आठवडे रोज तिचा सराव झाला होता. म्हणूनच वाक्य न तोडता तो बंद करता आला.

आठवण किती वेळा द्यावी, याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उत्तर केनियातलं आहे. एचआयव्हीचं औषध रोज, न चुकता घ्यावं लागतं. तिथल्या एका ग्रामीण दवाखान्यात ४३१ रुग्णांवर ४८ आठवडे अभ्यास झाला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना रोज मोबाइलवर संदेश जायचा, काहींना आठवड्यातून एकदा, काहींना मुळीच नाही. औषधाच्या बाटलीच्या झाकणात ते केव्हा उघडलं याची नोंद ठेवणारं यंत्र होतं, त्यामुळे हिशेब रुग्णाच्या तोंडी सांगण्यावर अवलंबून नव्हता. ज्यांना संदेश नव्हता त्यांच्यापैकी ४० टक्के लोकांनी नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त औषध घेतलं. आठवड्याला एक संदेश मिळणाऱ्यांत हे प्रमाण ५३ टक्के निघालं. रोज संदेश मिळणाऱ्यांत मात्र लक्षणीय फरक पडलाच नाही. शिवाय संदेशात धीराचे, उत्तेजनाचे शब्द घालूनही काही वाढीव फायदा दिसला नाही.

हे वाचूनही मी मावशीकडे चूक केलीच. पहिल्याच दिवशी 'औषध' काढून तिथे लिहिलं, 'तुझ्या हृदयासाठी एक गोळी, आम्हाला तू हवी आहेस.' तिला ते फार आवडलं, शेजारच्या काकूंनाही दाखवलं. चार दिवसांनी ती पहिल्या शब्दापलीकडे वाचत नव्हती. बंद पडद्यावर तरी किती शब्द दिसतात!

मग आम्ही शब्द बाजूला ठेवून आधी वेळ पाहिली. गजर वाजेल तेव्हा ती कुठे आहे आणि हातात काय आहे, एवढंच चार दिवस कॅलेंडरच्या मागे लिहायचं ठरलं. पहिल्या दिवशी पोह्यांची कढई. दुसऱ्या दिवशी दारात दूधवाला. तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला आणि फोन बाहेर. चौथ्या दिवशी पुन्हा ओट्याशी. गोळ्या चारही दिवस आतल्या खोलीच्या कपाटात. आठ ही घड्याळातली सोयीची वेळ होती, पण मावशीच्या दिवसात त्या वेळी एकदाही हात मोकळे नव्हते. गजर लावणारा मुलगा पुण्याच्या ऑफिसात बसून आकडा निवडतो, आणि बहुतेक घरांत गजर असाच लागतो.

तिच्या सकाळीत रोज न चुकता येणारी, बसून होणारी गोष्ट एकच होती: सगळ्यांचं आटोपल्यावरचा दुसरा चहा. ती टेबलाशी बसते, बिस्किटांचा डबा उघडते, पेपर उलगडते. कधी पावणेनऊ होतात, कधी सव्वानऊ, पण चहा चुकत नाही. आम्ही सात वारांचे सात खण असलेली औषधाची डबी आणली आणि बिस्किटांच्या डब्यावर ठेवली. गॅसजवळ ठेवायचा मोह होता, पण उष्णता आणि वाफ औषधांना चांगली नसते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलं. काही गोळ्या उपाशीपोटीच घ्यायच्या असतात, तिची तशी नव्हती. रोज साधारण एकाच वेळी आणि पाण्याबरोबर घ्या, एवढंच ते म्हणाले.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 'अमुक झालं की तमुक करीन' अशा ठरावाचा बराच अभ्यास केला आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव पार पडण्याची शक्यता जास्त असते हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मावशीचा ठराव तिच्याच शब्दांत झाला: "बिस्किटांच्या डब्याला हात लावला की आधी डबी उघडायची."

गजर आम्ही काढला नाही, मागे सरकवला. तो साडेनऊला, म्हणजे चहा होऊन गेल्यावर वाजू लागला, आणि त्यावर लिहिलं: 'आजचा खण रिकामा आहे का?' ही शब्दरचना मुद्दाम केली आहे. 'गोळी घे' म्हटलं की मनातल्या मनात 'हो, घेते' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. प्रश्नाचं उत्तर द्यायला डबीकडे बघावं लागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अंगवळणी पडलेली क्रिया लक्षात राहत नाही. आपण कुलूप लावलं की नाही, हे म्हणूनच आठवत नाही. गोळी घेऊन विसरलेल्या माणसाला हुकूम दिला तर तो दुसरीही घेईल. रिकामा खण दिसला की तो धोका टळतो.

हा गजरही रोजचाच होता आणि त्याचाही सराव होणार हे उघड होतं. म्हणून तो तीनच आठवडे ठेवायचा, असं आधीच ठरवलं होतं. लंडनमध्ये २०१५ च्या सुमारास कॅटरझिना स्टावार्झ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की फोनच्या आठवणीने माणसं काम करतात, पण ते आपोआप व्हायला लागत नाही. रोजच्या एखाद्या क्रियेला जोडलेलं काम मात्र हळूहळू आपसूक होऊ लागतं. फोनवर विसंबलं की मन चहाकडे खूण म्हणून बघायला शिकतच नाही. सवय मुरायला किती दिवस लागतात, यावर फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात मध्यावरचा आकडा ६६ दिवस आला होता, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. तेव्हा २१ दिवसांचा हिशेब कुणी सांगितला तर तो सोडून द्यावा. एखादा दिवस चुकल्याने केलेलं वाया जात नाही, हेही त्याच अभ्यासात आढळलं.

तीन आठवड्यांनंतर फक्त रविवारची आठवण उरली, डबी भरण्याची. लग्नकार्याला, गणपतीला गावी जाताना तो चहा, ते टेबल नसतं. तेवढ्या दिवसांपुरता वेगळा गजर लावायचा आणि परतल्यावर काढून टाकायचा, असं ठरलं. पुढच्या ३० दिवसांत तिच्या दोन गोळ्या राहिल्या.

त्या दोन का राहिल्या, हे कुठल्याच गजराने कळलं नसतं. केनियातच आणखी एक अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात परिचारिका आठवड्यातून एकदा रुग्णाला एकच शब्द पाठवायची: 'माम्बो?', म्हणजे कसं काय? रुग्णाने ४८ तासांत उत्तर द्यायचं: 'सावा', ठीक आहे, किंवा 'शिदा', अडचण आहे. अडचण कळवणाऱ्याला आणि उत्तरच न देणाऱ्याला ती फोन करायची. औषधाचा त्या संदेशात उल्लेखही नव्हता. तरी पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त औषध घेतल्याचं सांगणारे त्या गटात ६२ टक्के निघाले आणि नेहमीची सेवा मिळणाऱ्यांत ५० टक्के. माझ्या मते आठवणीच्या शब्दरचनेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. 'नाही घेतली' म्हणायला त्यात जागा हवी.

रविवारी मी मावशीला फोनवर तसंच विचारलं, "या आठवड्यात काही अडचण आली का गं?" थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "अगं, एसटीने जायचं असलं की मी ती गोळी मुद्दाम घेत नाही. सारखं लघवीला जावं लागतं, आणि वाटेत बाईमाणसाने कुठे उतरायचं?" तिच्या गोळीत लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. आधीच्या नऊतल्याही काही अशाच गेल्या असणार. पुढच्या भेटीत तिने हे डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी गोळी बदलून दिली.

तुमच्या घरी कुणाच्या फोनवर असा गजर वाजत असेल, तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसून पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा आणि अडचण काय येते ते विचारा. उत्तर लगेच येणार नाही. थोडं थांबा.