मोजमापांची गोष्ट : नॉट, सागरी मैल आणि अगऱ्याची साखळी

मागच्या आठवड्यात आपण फर्लांग आणि मैल पाहिले. 1593 साली इंग्लंडमध्ये कायद्याने ठरलं की आठ फर्लांग, म्हणजे 5,280 फूट, म्हणजे एक मैल. आज ते 1,609 मीटर होतं. हा मैल शेतातल्या नांगरटीतून आला, पृथ्वीच्या आकाराशी त्याचं काही नातं नाही. या आठवड्यातला मैल मात्र थेट पृथ्वीवरून काढलेला आहे, आणि त्याची गोष्ट समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून जास्त आत असलेल्या बेळ्ळंदूरहून सांगायला एक चांगलं कारण आहे.

बेळ्ळंदूर तळ्याच्या पश्चिमेला लागूनच अगरा आहे. 1800 सालच्या ऑक्टोबरात विल्यम लॅम्बटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने या अगऱ्यापासून कृष्णराजपुरमच्या बाजूला एक सरळ रेषा जमिनीवर मोजायला घेतली. हातात शंभर फुटांची पोलादी साखळी. ती जमिनीवर नुसती अंथरून भागत नव्हतं, लाकडी पन्हाळ्यांत, तिवईवर आधार देऊन ती समतल ताणायची, उन्हाने ती किती लांबली याचा हिशेब तापमान पाहून करायचा, मग पुढे सरकायचं. डिसेंबरात काम संपलं तेव्हा रेषेची लांबी निघाली 7.4321 मैल. पुढे ज्या त्रिकोणांच्या जाळ्याने सारा हिंदुस्थान मोजला गेला, त्याची ही पहिली तालीम. हाच लॅम्बटन 1823 साली आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

लॅम्बटनला नकाशापेक्षाही एक आकडा हवा होता: उत्तरेकडे सरळ चालत गेल्यावर अक्षांश एका अंशाने बदलायला किती जमीन ओलांडावी लागते? पुढे मद्रासकडच्या किनारपट्टीत केलेल्या मोजणीतून त्याचं उत्तर आलं, सुमारे 60,500 फॅदम. फॅदम म्हणजे सहा फूट. अंशाचे साठ भाग केले की एकेक कला मिळते. 60,500 ला सहाने गुणून साठने भागा: 6,050 फूट, म्हणजे 1,844 मीटर. आजची उपग्रहांची मोजमापंही आपल्या या अक्षांशावर एका कलेला जवळजवळ तेवढंच अंतर देतात. त्या साखळीपुढे मान लवते ती इथे.

अक्षांशाची एक कला ओलांडायला लागणारं अंतर म्हणजे सागरी मैल. खलाशाला समुद्रावर मैलाचे दगड नसतात. सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंश-कला वर आहे एवढंच त्याला मोजता येतं, त्यातून अक्षांश कळतो, आणि अक्षांशात काल-आज जेवढ्या कलांचा फरक पडला तेवढे सागरी मैल आपण उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलो, हे गुणाकार-भागाकाराशिवाय समजतं. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे ही कला विषुववृत्तावर 1,843 मीटरची, तर ध्रुवाजवळ 1,862 मीटरची भरते. 1929 साली मोनाकोच्या परिषदेत मधला आकडा पक्का झाला: 1,852 मीटर.

ताशी एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. त्यात ‘ताशी’ आधीच आलेलं आहे, म्हणून ‘ताशी 20 नॉट’ असं लिहू नये. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती जहाजामागे सोडत आणि 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. गाठींमधलं अंतर 47 फूट 3 इंच असे. तासाच्या हिशेबाने ते 6,075 फूट होतं, सागरी मैलाच्या अगदी जवळ.

आता किलोमीटर. फ्रेंचांनी मीटर ठरवला तोही पृथ्वीवरूनच: विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर दहा हजार किलोमीटर धरायचं. तेच अंतर नव्वद अंशांचं, म्हणजे 5,400 कलांचं, म्हणजे 5,400 सागरी मैलांचं. दहा हजाराला 5,400 ने भागलं की 50 भागिले 27 उरतं. म्हणून 27 नॉट म्हणजे जवळजवळ बरोबर ताशी 50 किलोमीटर, आणि 54 नॉट म्हणजे शंभर. ही जोडी योगायोगाने जमलेली नाही, दोन्ही मापं एकाच पृथ्वीचे तुकडे आहेत. साध्या मैलाशी असं सोपं गुणोत्तर निघत नाही. एक सागरी मैल म्हणजे 1.15 साधे मैल, हे सरळ पाठच करायचं.

तोंडी हिशेब करायचा तर नॉटची दुप्पट करा आणि त्यातून शेकडा साडेसात काढा. विमानवाहू ‘विक्रांत’चा कमाल वेग 28 नॉट. दुप्पट 56, त्यातून 4.2 गेले, राहिले 51.8. नेमकं उत्तर 51.9 आहे. याच वेगाने ती लॅम्बटनच्या रेषेवरून गेली असती तर? 7.4321 हे साधे मैल आहेत, म्हणून आधी 1.15 ने भागायचं: 6.46 सागरी मैल. त्याला 28 ने भागून साठने गुणलं की जवळपास 14 मिनिटं. हा भागाकार विसरला तर 16 मिनिटं येतात.

चूक ओळखण्याची खूण हीच. दोन उत्तरांत सुमारे 15 टक्क्यांचा फरक पडला तर कुणीतरी दोन मैलांची गल्लत केली आहे. जवळपास दुप्पट फरक दिसला तर नॉटलाच ताशी किलोमीटर समजलं गेलं आहे. ‘विक्रांत’चा पल्ला 7,500 सागरी मैल, म्हणजे 13,890 किलोमीटर. साधे मैल धरून तो 12,070 होतो आणि मधले 1,820 किलोमीटर गायब होतात.

फोनवरच्या नकाशात बेळ्ळंदूरचा अक्षांश साधारण 12.93 दिसतो. मंगळूरच्या बंदराचाही जवळजवळ तोच, आणि मुंबई बंदराचा 18.93. सहा अंश, म्हणजे 360 कला, म्हणजे मुंबई मंगळूरच्या 360 सागरी मैल उत्तरेला आहे. किनारा तिरका असल्यामुळे सरळ रेषेतलं अंतर सुमारे 377 भरतं. 14 नॉटने जाणाऱ्या मालवाहू जहाजाला ते कापायला 27 तास लागतील.

हे रेखांशाला मात्र लागू पडत नाही, आणि नवशिके इथेच फसतात. बेळ्ळंदूर आणि मंगळूर बंदर यांच्या रेखांशात 2.85 अंशांचा, म्हणजे 171 कलांचा फरक आहे, पण अंतर सुमारे 167 सागरी मैल, म्हणजे 309 किलोमीटरच. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात. आपल्याकडे त्यामुळे अडीच टक्क्यांची चूक होते, मुंबईच्या अक्षांशावर साडेपाच टक्क्यांची, आणि साठ अंशांवर तर निम्मं अंतर खोटं निघतं. म्हणून सागरी नकाशावर अंतर घेताना परकार वरच्या किंवा खालच्या पट्टीवर कधीच टेकवत नाहीत. तो डाव्या-उजव्या कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर धरतात, आणि तोही जहाज ज्या अक्षांशावर आहे त्याच उंचीवर, कारण या नकाशांत उत्तरेकडे सरकावं तशी ती पट्टीही ताणत जाते.