माणसं मोजा, चेहरे साठवू नका

अभ्यासिकेत रोज किती मुलं-मुली येतात, हा आकडा मदतीच्या अर्जाला जोडावा लागतो. पण दारावर कॅमेरा म्हटला की पालक विचारतात, "आमच्या मुलींचे फोटो कुठे जाणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर यंत्राच्या बांधणीतच द्यावं लागतं.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि छोटा कॅमेरा पुरतो. कॅमेरा दारावर, सरळ खाली बघणारा लावावा. मग बहुधा डोकीच दिसतात. चित्र ३२० बाय २४० ठिपक्यांचं, काळं-पांढरं चालतं. रिकाम्या उंबरठ्याच्या चित्राशी ते ताडून यंत्र हलणारा डाग शोधतं. डाग ठरवलेली रेघ ओलांडून आत गेला की 'आत'मध्ये एक वाढतो, उलट गेला की 'बाहेर'मध्ये. चित्र तात्पुरत्या स्मृतीतच राहतं, पुढचं आलं की पुसलं जातं. कार्डावर उरते एक ओळ: तास, आत, बाहेर.

दोघी खेटून आल्या की एकच मोजली जाते. खानदेशच्या उन्हात सावलीही माणूस ठरते. या दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून नुसती दिवसाची बेरीज जुळली तरी फसू नये. ऊन दारात येतं त्या वेळी तासभर वहीत रेघा ओढून मोजावं आणि दर पाच मिनिटांचा आकडा यंत्राशी ताडावा.

चाचणीपुरती चित्रं साठवली असतील, तर ती पुसून ती सोय बंद करावी. मग पालकांसमोर कार्ड उघडून दाखवावं.