गृहपाठाची आठवण फोनवर

दारव्हा

आदरणीय पालक,


वर्गाच्या गृहपाठासाठी ‘गूगल क्लासरूम’ हे मोफत ॲप घरच्या फोनवर घ्यावे. तुमच्या गूगल खात्याने ते उघडून Join class दाबा आणि मुलांच्या वहीत लिहून दिलेला वर्गाचा कोड टाका.

समजा, अपूर्णांकांची उदाहरणे गुरुवारी सकाळी १० पर्यंत हवी आहेत. मी तशी मुदत नोंदवली की आदल्या दिवशी आठवण येते. मुदतच नसेल तर ती येत नाही, म्हणून मुदत न विसरता घालणे माझे काम. तुम्ही शेतात असताना डेटा बंद असेल, तर नेट सुरू केल्यावर आठवण दिसेल. तरीही दिसली नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपच्या सूचना बंद आहेत का, ते पाहा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्या मुलांसाठी गृहपाठ रोज फळ्यावरही लिहीन.

आपली,
वर्गशिक्षिका