गाय निघून गेली, खुणा राहिल्या

डिसेंबरची रात्र, पावणेतीनचा सुमार. सोळा टन कांदा भरून सोलापूरहून निघालेला दहाचाकी ट्रक बीड ओलांडून गेवराईच्या दिशेने चालला आहे. दुभाजकातल्या गवतातून एक गाय उठते आणि रस्त्यावर येते. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, डावीकडे कट मारतो. डावी चाकं डांबर सोडून साइडपट्टीच्या मातीत उतरतात आणि गाडी डाव्या अंगावर पलटी होते. ड्रायव्हर आणि क्लीनर खरचटण्यावर निभावतात. गायीला धक्काही लागत नाही. ती अंधारात निघून जाते. हा प्रसंग मी समजावण्यासाठी रचला आहे, पण रात्रीची लाइन करणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

अडचण सुरू होते ती इथून. गाडीला रक्त नाही, केस नाहीत, रस्त्यावर मेलेलं जनावर नाही. सकाळी मालकाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला दिसतो तो फक्त आडवा ट्रक. मग प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न येतो: खरंच गाय होती, की याला डुलकी लागली?

घाबरलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा एकच वाक्य लिहून देतो: ‘अचानक गाय आडवी आल्याने गाडी पलटी झाली.’ हे खरं असलं तरी त्याचा उपयोग शून्य, कारण झोप लागलेला माणूसही हेच लिहील. दोघांतला फरक असतो रस्त्यावर. डुलकी लागलेल्या माणसाची गाडी हळूहळू एका बाजूला सरकत जाते. डांबर सुटेपर्यंत ब्रेकची खूण बहुधा नसतेच. जागा माणूस जनावर चुकवतो तेव्हा ब्रेक आणि स्टिअरिंग जवळजवळ एकाच वेळी हलतं, म्हणून टायरच्या खुणा डांबरावरच सुरू होतात आणि झपकन वळतात. नव्या गाड्यांत चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा असल्याने या खुणा फिकट पडतात, दिवसाच्या रहदारीत पुसल्याही जातात. म्हणून उजाडायच्या आत त्यांचे फोटो हवेत.

दुसरी जागा दुभाजकाची. गुरं जिथे बसलेली असतात तिथे गवत दबलेलं असतं, शेण असतं, ओल्या मातीत खुरांचे ठसे असतात. थंडीत रात्री डांबर मातीपेक्षा जास्त वेळ ऊबदार राहतं, पावसाळ्यात ते चिखलापेक्षा कोरडं असतं, म्हणून मोकाट गुरं रस्त्याच्याच आसऱ्याला येतात. जवळच्या ढाब्यावरच्या माणसाला ती रोज तिथे दिसत असतील, तर त्याचे दोन शब्दही मोलाचे आहेत.

आता वेगाचा हिशेब. मालकाने बसवलेल्या जीपीएसमध्ये वेग ताशी ६२ किलोमीटर निघाला असं धरू. म्हणजे गाडी सेकंदाला सतरा मीटर कापते आहे. समोरच्या मार्गिकेवरच्या गाड्यांमुळे डिपर लावलेला, म्हणजे उजेड कामाचा तो चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच. गाय चाळीस मीटरवर दिसली. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात पंचवीस मीटर संपले. उरले पंधरा. भरलेल्या ट्रकला या वेगात थांबायला ब्रेक लागल्यावर तीस-पस्तीस मीटर तरी लागतात. म्हणजे ड्रायव्हरपुढे दोनच वाटा होत्या: गायीला धडकायचं किंवा गाडी वळवायची. सपाट रस्त्यावर धडकणं बहुधा कमी नुकसानीचं ठरतं, कारण उंच भरलेली गाडी झटक्याने वळली की भार एका बाजूच्या चाकांवर येतो आणि मऊ माती ती चाकं धरून ठेवते. पण अर्ध्या सेकंदात, समोर जिवंत जनावर असताना, हात आपोआप वळतात. त्यासाठी त्याला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हरांना कुणी नीट सांगत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल, तर भरपाई मिळायला ड्रायव्हर निर्दोष असावाच लागतो असं नाही. चूक झाली तरी तो अपघातच असतो. दावा अडतो तो लायसन्स वैध नसेल, ड्रायव्हर दारू प्यायलेला असेल, परमिट-फिटनेसमध्ये खोट असेल किंवा सांगितलेलं खोटं निघालं तर. म्हणजे गोष्ट रंगवायची गरजच नसते, आणि रंगवलेली गोष्टच अंगाशी येते. ‘गायीला धडक बसली’ असं पोलिसांत सांगितलं आणि बंपरवर खरचटाही नसेल, तर पुढचं खरं बोलणंही संशयात जातं. पोलिसांच्या कागदात ‘भरधाव व हयगयीने’ हे ठरीव शब्द अनेकदा येतात. म्हणून जबाब सही करण्याआधी वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघाताची माहिती विमा कंपनीला लेखी देणं हे ड्रायव्हरचंही काम आहे, एकट्या मालकाचं नव्हे. आणि शक्य असेल तर हायड्रा लावून गाडी उचलण्याआधी जागेवरचा सर्व्हे करून घ्यावा. रस्ता तातडीने मोकळा करावाच लागला, तर चारही बाजूंनी फोटो, आणि एक फोटो किलोमीटरच्या दगडासह.

मालकाची चिंता वेगळी असते. रस्त्यावर सांडलेला कांदा गाडीच्या विम्यात येत नाही. त्याचा विमा वेगळा, आणि नसला तर व्यापारी ट्रान्सपोर्टकडे बोट दाखवतो. ते पैसे ड्रायव्हरच्या पगारातून वळते करण्याची घाई होते. पण नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, असं वेतनाचा कायदा सांगतो. ती बाजू म्हणजेच हा लेखी जबाब. म्हणून मालकाला एक आणि कंपनीला दुसरा असं न करता एकच मजकूर दोघांना द्यावा. तो साधारण असा असेल:

‘रात्री पावणेतीनच्या सुमारास मी गेवराईच्या दिशेने दुभाजकाकडच्या लेनमध्ये होतो. वेग साठच्या आसपास असावा, नक्की आकडा जीपीएसमध्ये मिळेल. डिपर लावलेला होता. उजवीकडे दुभाजकातून एक गडद रंगाची गाय उठून रस्त्यावर आली. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे डोळे चमकले नाहीत. ती मला अंदाजे चार ट्रकच्या लांबीएवढ्या अंतरावर दिसली. ब्रेक दाबला, डावीकडे वळवलं. डावी चाकं मातीत गेल्यावर गाडी सावरली नाही. गायीला गाडी लागली नाही असं वाटतं. ती पुढे कुठे गेली ते मी पाहिलं नाही. मी शेवटचा तुळजापूरजवळ थांबून जेवलो होतो.’

यात ‘अंदाजे’, ‘वाटतं’, ‘पाहिलं नाही’ हे शब्द आहेत, म्हणून तो कमकुवत वाटेल. सर्व्हेअरला मात्र अंतर नेमक्या मीटरमध्ये सांगणाऱ्या ड्रायव्हरचीच जास्त शंका येते. अंधारात, घाबरलेल्या माणसाला तसं सांगता येत नाही हे त्याला ठाऊक असतं.

क्लीनरचा जबाब वेगळा लिहावा. मालक म्हणतो, ‘गाय बघितली म्हणून सांग रे.’ पण पोरगा झोपेत होता, आणि ब्रेकच्या झटक्याने जागा झाला. तेवढंच त्याने लिहावं: झोपलो होतो, आधी पुढे फेकलो गेलो, मग डावीकडे. गाय त्याला दिसलीच नाही, पण गाडी पलटी होण्याआधी ब्रेक लागला होता, हे त्याच्या त्या दोन धक्क्यांतून कळतं.