एकट्याचं सॉफ्टवेअर (भाग ७) : पान उघडतं, पण चलन निघत नाही

भोसरीतल्या छोट्या पुरवठादारांसाठी एकट्या माणसाने चालवलेलं डिलिव्हरी चलनाचं सॉफ्टवेअर घेऊ. माल गाडीत चढलाय, चाकणच्या कंपनीत वेळेवर पोचायचाय, आणि डिस्पॅचच्या माणसाला चलन सेव्ह करता येत नाही. सर्व्हरची डिस्क भरलीय, त्यामुळे चलनाची पीडीएफ लिहिलीच जात नाही. लॉगिनचं पान मात्र झकास उघडतं. तुमची तपासणी तेवढंच पान पाहत असेल, तर ती दिवसभर हिरवा दिवा दाखवत राहील.

म्हणून तपासणीसाठी वेगळा पत्ता ठेवा, समजा `/health`. तो उघडला की प्रोग्रामने डेटाबेसमधली एक ओळ वाचावी, पीडीएफच्याच फोल्डरमध्ये छोटी फाइल लिहून पुसावी आणि दोन्ही जमलं तरच 200 द्यावा, नाहीतर 503. ई-इनव्हॉइसच्या सरकारी पोर्टलला मात्र यात गुंतवू नका. ते अडलं तरी साधं चलन निघतंच, तेव्हा त्याची तपासणी वेगळी लावा.

हा पत्ता ठोठावायला `Uptime Kuma` हे मुक्त सॉफ्टवेअर पुरतं. दर ६० सेकंदांनी तपासणी, आणि चुकली तर २० सेकंदांच्या अंतराने आणखी दोनदा. तिन्ही वेळा चुकली तरच फोनवर संदेश. यामुळे नेटच्या क्षणिक अडखळण्याने रात्री झोपमोड होत नाही आणि खरा बिघाड दोन मिनिटांच्या आत कळतो.

हे तपासणीचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या संगणकावर मात्र बसवू नका. आपल्या पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा पहारेकरीच झोपतो. मुख्य सर्व्हरवर तर नकोच. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस३ सेवा कोलमडली, तेव्हा त्यांना स्वतःचं स्टेटस पानही बदलता येईना, कारण ते बदलण्याची सोय एस३वरच अवलंबून होती. शेवटी ट्विटरवरून कळवावं लागलं. तपासणी आणि ग्राहकांसाठीचं तुमचं स्टेटस पान दोन्ही दुसऱ्या कंपनीच्या छोट्या सर्व्हरवर ठेवा. पानाचा पत्ता ग्राहकांना आधीच द्या, बिलावर छापलात तर उत्तम.

पानावर कारणापेक्षा ग्राहकाने काय करायचं ते आधी लिहा. उदाहरणार्थ : ‘दु. २.१० पासून नवीन चलन सेव्ह होत नाही. जुनी चलनं छापता येतात. गाडी थांबवू नका, चलन पुस्तकावर हाताने लिहा. पुढची माहिती २.४० ला.’ आणि २.४० ला काही सुटलेलं नसलं तरी तसं लिहा. फोन घेत बसलात तर दुरुस्ती कोण करणार? एकट्या माणसाला हे पान लागतं ते याचसाठी.

पान हिरवं-लाल आपोआप होऊ द्या, पण हा मजकूर स्वतः लिहा. तपासणीला ‘चुकलं’ एवढंच कळतं, गाडी सोडायची की नाही ते कळत नाही.

येत्या गुरुवारी, ग्राहकांच्या सुट्टीच्या दिवशी, पीडीएफच्या फोल्डरची लिहिण्याची परवानगी पाच मिनिटं काढून ठेवा. दोन मिनिटांत फोन वाजला नाही, तर आधी तपासणी दुरुस्त करा.